10 मेगाबिटच्या तारेवर 20 मेगाहर्ट्झ दिसतच नाही: मँचेस्टर कोडिंगचा हिशोब कुणी लावून देईल का?

सोल्डरगन

नमस्कार मंडळी. ईएनसी28जे60 चं एक जुनं मॉड्यूल खणात पडून होतं. ते आर्डुइनोला जोडून घरच्या स्विचकडे यूडीपी पॅकेटं सोडतोय. ही चिप फक्त 10बेस-टी बोलते, म्हणजे तारेवर मँचेस्टर. शिवाय 10बेस-टीत स्क्रॅम्बलर नाही, त्यामुळे पॅकेटात जे भरू तेच सरळ तारेवर बघायला मिळतं. म्हणून केबल मधोमध सोलून ट्रान्समिटच्या जोडीवर स्कोपचे दोन प्रोब लावले आणि मॅथमध्ये वजाबाकी घेतली.

पॅकेटात सगळे `0xFF` भरले तर 10 मेगाहर्ट्झ दिसतात, तेही चौकोनी नाही, जवळजवळ साइन. सगळे `0x00` भरले तरी तेच. `0x55` भरले की मात्र 5 मेगाहर्ट्झ. मला बरोबर उलट अपेक्षा होती. `0x55` म्हणजे एकाआड एक 1 आणि 0, सर्वांत जास्त उलथापालथ तिथेच व्हायला हवी ना?

दुसरं म्हणजे, जिथे वाचावं तिथे "मँचेस्टरला दुप्पट बँडविड्थ लागते, 20 मेगाबॉड" असं लिहिलेलं असतं. मला 20 मेगाहर्ट्झ कुठेच सापडत नाहीत. शिवाय `0x55` च्या रुंद पल्समध्ये मधोमध एक पायरी दिसते: पहिला अर्धा भाग उंच, दुसरा जरा खाली. चिप मेलीय का?

मंदार_बाइट

सोपं आहे. सेंडर डेटा आणि क्लॉक एक्सॉर करतो, बस्स.

```
line = bit ^ clk
```

डेटा 10, क्लॉक 10, दोघं एकाच तारेवर बसले की 20. रिसीव्हर परत क्लॉकशी एक्सॉर करतो की डेटा मोकळा. तुमच्या स्कोपवर 20 मेगाहर्ट्झची लिमिट चालू असणार, चॅनलच्या मेनूत जाऊन बंद करा.

सोल्डरगन

लिमिट बंदच आहे. स्कोप 100 मेगाहर्ट्झचा आहे. चित्र तेच.

शलाका_पी

मंदार, सेंडरपुरतं एक्सॉर बरोबर आहे, पण 10 अधिक 10 ही बेरीज होत नाही. सोल्डरगन, तुमचं मॉड्यूल ठणठणीत आहे. कागदावर मांडून बघा. इथरनेटमध्ये बिटच्या पहिल्या अर्ध्यात क्लॉक 1 आणि दुसऱ्या अर्ध्यात 0 धरायचं. मग बिट 1 असेल तर तार खालून वर जाते, 0 असेल तर वरून खाली. खालचा प्रत्येक अंक 50 नॅनोसेकंदांचा:

```
data   1  1  1  1        1  0  1  0
line   01 01 01 01       01 10 01 10
```

डावीकडे तार दर 50 नॅनोसेकंदांनी पालटते. एक खालचा आणि एक वरचा मिळून एक आवर्तन, म्हणजे 100 नॅनोसेकंद, म्हणजे 10 मेगाहर्ट्झ. उजवीकडे 1 संपताना तार वर असते आणि 0 सुरू होतानाही वरच असते, त्यामुळे दोन बिटांच्या सीमेवर काहीच घडत नाही. 0-11-00-11-0 असं चालतं. आवर्तन 200 नॅनोसेकंदांचं, 5 मेगाहर्ट्झ. तुम्ही पाहिलंत ते हेच.

आता हाच डेटा कोडिंग न करता सरळ पाठवला असता तर काय झालं असतं ते बघा. 1 ला वर, 0 ला खाली, ज्याला एनआरझेड म्हणतात. एकाआड एक बिटांना 5 मेगाहर्ट्झ, ती झाली कमाल. सगळे 1 असतील तर तार नुसती वर टांगलेली, वारंवारता शून्य. म्हणजे एनआरझेडचा पल्ला 0 ते 5, मँचेस्टरचा 5 ते 10. कमाल 5 ची 10 झाली, दुप्पट ती एवढीच. 20 मेगाबॉड म्हणजे सेकंदाला 2 कोटी अर्धे बिट, आणि दोन अर्ध्यांचं एक आवर्तन होतं. 20 मेगाहर्ट्झ शोधूच नका.

साइनचंही कारण आहे. सगळे 1 पाठवताना हार्मोनिक मूळ 10 मेगाहर्ट्झपेक्षा किमान 27 डेसिबल खाली हवेत असं 10बेस-टीच्या मानकातच आहे, म्हणून ट्रान्समिटच्या वाटेवर फिल्टर बसवतात. चौकोनाचा कोपरा तिसऱ्या हार्मोनिकने, 30 मेगाहर्ट्झने बनतो, तोच कापला की साइन उरते.

ती पायरी मुद्दाम काढलेली आहे. लांब केबल 10 मेगाहर्ट्झ जास्त खाते, 5 कमी. 50 चा बारीक पल्स पलीकडे पोचेपर्यंत खुजा होतो, 100 चा रुंद पल्स मात्र ऐसपैस वर चढून बसतो. त्याच्यामागून लगेच बारीक पल्स आला तर तार तेवढ्या उंचीवरून खाली यायला वेळ घेते, आणि शून्य ओलांडण्याची वेळ काही नॅनोसेकंदांनी सरकते. क्लॉक त्याच वेळेवरून काढायचा असल्यामुळे हे परवडत नाही. म्हणून सेंडर रुंद पल्सचा दुसरा अर्धा भाग आधीच जरा दाबून पाठवतो.

सोल्डरगन

आता उलगडलं. पायरी फक्त `0x55` च्या भागात का आहे हेही कळलं, `0xFF` मध्ये रुंद पल्सच नाहीत.

मंदार_बाइट

बाकी ठीक. पण मुळात क्लॉक पाठवायची गरज काय? दोन्हीकडे क्रिस्टल आहेत. इथरनेटला 100 पीपीएम लागतो, म्हणजे दहा हजारात एक. एवढ्या अचूक घड्याळांना एकमेकांकडे बघायची काय गरज? यूएआरटी कुठे क्लॉक पाठवतो?

निवृत्त_जेटीओ

मंदारराव, गुणाकार करून बघा. एकीकडे अधिक 100 आणि दुसरीकडे वजा 100 धरलं तर फरक 200 पीपीएम. सर्वांत मोठी फ्रेम 1518 बाइटची, म्हणजे 12,144 बिट. त्याला 0.0002 ने गुणा. उत्तर 2.4 बिट. फ्रेम संपेपर्यंत रिसीव्हर दोन बिट पुढेमागे गेलेला असेल. बिटच्या मधोमध नमुना घ्यायला सुरुवात केली असेल तर अर्धा बिट सरकायला 2,500 बिट लागतात, म्हणजे तीनशेच्या आसपास बाइट झाले की कचरा सुरू.

यूएआरटीचं निभतं कारण तो दर बाइटला स्टार्ट बिट पाठवून नव्याने सुरुवात करतो. दहा बिटांपुरतंच घड्याळ सांभाळायचं असतं, तिथे दोनचार टक्के फरकही चालून जातो. पण आठ बिटांसाठी दहा पाठवतो, हे विसरू नका. फुकट तिथेही काही नाही.

आता तुमचं "रिसीव्हर परत क्लॉकशी एक्सॉर करतो". कोणत्या क्लॉकशी? तोच तर त्याच्याकडे नाहीये, तारेवरूनच काढायचा आहे. आमच्या वेळची साधी रीत सांगतो, आजच्या चिपा हेच काम पीएलएलने किंवा अतिवेगाने नमुने घेऊन करतात.

मँचेस्टरमध्ये प्रत्येक बिटच्या मधोमध एक कड असतेच, डेटा काहीही असो. बिटांच्या सीमेवर कड कधी असते, कधी नसते. मधल्या कडा घड्याळाच्या, सीमेवरच्या नुसत्या सोयीच्या. म्हणून एक मधली कड सापडली की 75 नॅनोसेकंद डोळे मिटायचे. 50 ला सीमेवरची कड आली तरी ती दिसत नाही. 75 ला डोळे उघडले की पुढची कड 100 ला येते, ती मधलीच. तिची दिशा हा डेटा, तिची वेळ हा क्लॉक. वर गेली तर 1, खाली आली तर 0, आणि पुन्हा 75 मोजायला सुरुवात. घड्याळाची चूक दर बिटला पुसली जाते, साठत नाही.

अडचण फक्त पहिली मधली कड ओळखण्याची. सोल्डरगनचं `0xFF` चं चित्र आठवा. दर 50 ला कड आहे, त्यातली मधली कोणती आणि सीमेवरची कोणती हे नुसतं बघून सांगताच येत नाही. सीमेवरची धरली तर सगळे 1 हे सगळे 0 म्हणून वाचले जातील, आणि रिसीव्हरला शंकासुद्धा येणार नाही.

सोल्डरगन

मग चुकीची कड पकडली गेली तर पूर्ण पॅकेट उलटं वाचणार?

निवृत्त_जेटीओ

नाही, बिट बदलेपर्यंतच. समजा रिसीव्हर सीमेवरच्या कडांवर चाललाय. 1 नंतर 0 आला की त्या सीमेवर कडच नसते. तो 75 नंतर डोळे उघडून 100 ला वाट बघतो, तिथे काही येत नाही. 150 ला जी येते ती पुढच्या बिटची मधली कड. तीच तो धरतो आणि तिथून पुढे आपोआप रुळावर येतो.

इथरनेटची सुरुवात याचसाठी तशी ठेवलीय. आधी प्रीअँबल, म्हणजे `0x55` चे 7 बाइट, मग `0xD5`. धाकटा बिट आधी जातो, म्हणून तारेवर 1 0 1 0 असे 62 बिट आणि शेवटी 1 1. त्या 62 बिटांत सीमेवर एकही कड नाही, सगळ्या कडा मधल्याच आणि 100-100 च्या अंतराने. चुकीची कड धरायला जागाच नाही. सुरुवातीचे काही बिट रिसीव्हर जागा होण्यात गेले तरी बिघडत नाही, त्यात निरोप नसतो. शेवटच्या 1 1 ला पहिल्यांदा 50 चं अंतर येतं, तिथून पुढे खरी फ्रेम.

हे दर फ्रेमला करावं लागतं, कारण 10बेस-टीत दोन फ्रेमच्या मध्ये तार गप्प असते. साधारण 16 मिलिसेकंदांनी एक बारीकसा लिंक पल्स, बाकी शांतता. सोल्डरगन, स्कोपचा टाइमबेस वाढवलात तर दिसेल. फ्रेमच्या शेपटीला तार किमान 250 नॅनोसेकंद वरच धरून ठेवलेली दिसेल. इतका वेळ मधली कड आली नाही म्हणजे फ्रेम संपली.

गणपत_टीव्हीवाले

चांगला धागा. माझंही या मँचेस्टरशीच भांडण चाललंय. जुन्या टीव्हीचा आरसी-5 रिमोट टीएसओपी1736 लावून आर्डुइनोवर वाचतो. इथे दुप्पट दुप्पट चाललंय, पण रिमोटमध्ये बिट सेकंदाला 562 आणि एलईडी लुकलुकतो 36 किलोहर्ट्झने, म्हणजे 64 पट! दुप्पट कुठे गेलं?

आणि माझे बिट उलटे येतात. सुरुवातीला 1 1 यायला हवेत, 0 0 येतात. ते मी प्रोग्रॅममध्ये उलटवून घेतले, पण एका नव्या रिमोटची काही बटणं तरीही वाचलीच जात नाहीत. आकडे, आवाज सगळं ठीक. टेलिटेक्स्टच्या आसपासची दोनचार बटणं मुकी.

शलाका_पी

गणपतदादा, 36 किलोहर्ट्झ ही कॅरिअर आहे. ट्यूबलाइट आणि उन्हातून रिमोट वेगळा ओळखू यावा म्हणून ती वापरतात, मँचेस्टरशी तिचा संबंध नाही. टीएसओपी ती गाळून टाकतो. त्याच्या पायावर जे उरतं त्यात बघा. एक बिट 1,778 मायक्रोसेकंदांचा, पण सर्वांत बारीक पल्स 889 चा. दुप्पट तिथे आहे. तिथे ती कुणाला टोचत नाही, कारण हवेत इन्फ्रारेडला जागाच जागा आहे.

उलटे बिट दोन कारणांनी येऊ शकतात. आरसी-5 मध्ये 1 म्हणजे पहिला अर्धा अंधार, दुसरा अर्धा उजेड. टीएसओपी उजेडाला पाय खाली ओढतो. म्हणजे तुमच्या पायावर 1 हा वरून खाली येतो. इथरनेटच्या रीतीने लिहिलेली लायब्ररी त्याला 0 म्हणणार. 1 ला वर न्यायचं की खाली, याच्या दोन्ही रीती चालतात आणि दोन्हींना मँचेस्टरच म्हणतात, त्यामुळे हा गोंधळ कायमचा आहे.

निवृत्त_जेटीओ

त्यात भर घालतो. रिमोटला प्रीअँबल लागत नाही, कारण पहिला बिट कायम 1 असतो. त्याचा पहिला अर्धा अंधार आणि त्याआधीची शांतताही अंधारच, त्यामुळे तुम्हाला दिसणारी पहिलीच कड पहिल्या बिटच्या मधली असते. तिथून मोजायला लागा. कडांमधलं अंतर 889 की 1,778 हे ठरवताना उंबरठा 1,300 च्या आसपास ठेवा. टीएसओपी उजेडाचे पल्स थोडे ताणतो आणि अंधाराचे आखडतो, त्यामुळे नेमके आकडे कधीच मिळणार नाहीत.

मुक्या बटणांबद्दल अंदाज असा. मूळ आरसी-5 मध्ये आज्ञेला 6 बिट, म्हणजे 64 आज्ञा. त्या पुरेनात म्हणून पुढे दुसऱ्या स्टार्ट बिटालाच उलटवून सातवा आज्ञा-बिट केलं. 64 आणि त्यापुढच्या आज्ञांना दुसरा बिट 0 असतो. तुमचा प्रोग्रॅम 1 1 नसेल तर फ्रेम फेकून देत असेल.

गणपत_टीव्हीवाले

फेकतोच. `if` तसाच लिहिलाय. काढून बघतो.

स्वाती_नेटवर्क

मी केबलिंगच्या बाजूने वाचतेय. 10 मेगाबिटला हे चाललं, मग 100 मेगाबिटला मँचेस्टर का ठेवलं नाही? घड्याळ तर तिथेही लागतंच.

शलाका_पी

वरचा हिशोब दहापट करा. 200 मेगाबॉड, कमाल 100 मेगाहर्ट्झ. कॅट 5 ची हमीच 100 मेगाहर्ट्झपर्यंत आहे, म्हणजे अगदी काठावर, आणि उघड्या जोडीवरून एवढी वारंवारता नेली की ती अँटेनासारखी आजूबाजूला पसरते. म्हणून 100बेस-टीएक्समध्ये दर 4 बिटांऐवजी 5 बिट पाठवतात, 4बी5बी. ते 5 असे निवडलेत की सलग बदलाशिवाय फार वेळ जाऊ नये. 100 चे 125 मेगाबॉड झाले. त्यावर एमएलटी-3, जी अधिक, शून्य, वजा, शून्य अशी चार पावलांत फिरते, म्हणून कमाल वारंवारता 125 भागिले 4, म्हणजे 31.25 मेगाहर्ट्झ. 100 च्या जागी 31.

पण त्याची किंमत दुसरीकडे चुकवावी लागते. मँचेस्टरमध्ये प्रत्येक बिट अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली असतो, त्यामुळे सरासरी कायम शून्य. डीसी नसल्यामुळे ट्रान्सफॉर्मर खूश. 4बी5बीला ती हमी नाही. काही डेटाला सरासरी हळूहळू सरकते आणि रिसीव्हरला ती मागे ओढत बसावी लागते. 100 मेगाबिटच्या चिपमध्ये त्यासाठी वेगळं सर्किट असतं. मँचेस्टरचा रिसीव्हर त्याच्यापुढे पोरखेळ आहे.

मंदार_बाइट

म्हणजे यूएआरटीही 25 टक्के, 4बी5बीही 25 टक्के. मँचेस्टरचं 100 टक्के. सरळ उधळपट्टी म्हणा.

निवृत्त_जेटीओ

तसं असेल तर आमचं एचडीबी3 घ्या. एक्स्चेंजला 2.048 मेगाबिटच्या ई1 लाइनवर तेच होतं. 1 ला आळीपाळीने अधिक आणि वजा पल्स, 0 ला काही नाही. सलग चार शून्यं आली की त्या जागी मुद्दाम नियम मोडणारा पल्स घालायचा, म्हणजे घड्याळ सुटत नाही. एकही जादा बिट नाही, डीसी नाही, बँडविड्थ दुप्पट नाही. म्हणून मी म्हणतो, घड्याळ पोटात घालायला बँडविड्थ दुप्पट करावीच लागते हे खरं नाही. मँचेस्टरने तो सोपा मार्ग निवडला इतकंच. 1940 च्या दशकाच्या शेवटी मँचेस्टर विद्यापीठात मार्क 1 संगणकाच्या चुंबकी ड्रमसाठी ते बनवलं, तेव्हा व्हॉल्व्हच्या जमान्यात सर्किट सोपं असणं महत्त्वाचं होतं.

शलाका_पी

काका, एचडीबी3 ला तीन पातळ्या लागतात. तेवढ्याच व्होल्टेजमध्ये तीन पातळ्या ओळखायच्या म्हणजे गोंगाटाला सहन करण्याची ताकद अर्धी. बँडविड्थ वाचवली, गोंगाटात दिली. शिवाय त्याला लाइन सतत चालू लागते. एक्स्चेंजची लाइन बंदच होत नव्हती, इथरनेटला दर फ्रेमला शून्यातून उठायचं असतं. 62 बिटांत जमणं ही मँचेस्टरची खुबी आहे, ती तुमच्या हिशोबात येत नाही.

निवृत्त_जेटीओ

सतत लाइनचा मुद्दा मान्य. गोंगाटाचा नाही. मँचेस्टरला दुप्पट पट्टा उघडा ठेवावा लागतो, त्यातून दुप्पट गोंगाट आत येतोच की. तोही वजावटीत धरा.

शलाका_पी

पूर्ण बिटभर इंटिग्रेट करणारा आदर्श रिसीव्हर धरला तर तो तोटा होत नाही, पहिला अर्धा उलटवून दुसऱ्यात मिळवला की ऊर्जा एनआरझेडइतकीच. तुमचा 75 नॅनोसेकंदवाला रिसीव्हर नुसती कड बघतो, त्याला होतो.

निवृत्त_जेटीओ

10 मेगाबिटच्या स्वस्त कार्डात आदर्श रिसीव्हर मी कधी पाहिला नाही.

स्वाती_नेटवर्क

मग मँचेस्टर आता फक्त रिमोटपुरतं उरलं म्हणायचं?

शलाका_पी

छे. गाड्यांसाठी 10बेस-टी1एस आलंय, 2019 चं मानक. एकाच जोडीवर अनेक युनिट लटकवायची, प्रत्येकाने थोडं बोलून गप्प व्हायचं. म्हणजे पुन्हा तीच अडचण, दर वेळी शून्यातून उठण्याची. त्यात डिफरन्शिअल मँचेस्टर आहे. तिथे कडेची दिशा बघत नाहीत, मधे जादा कड आली की नाही एवढंच बघतात, त्यामुळे जोडीच्या तारा उलट्या लागल्या तरी डेटा सुलटाच येतो. आणि मंदारसाठी खास: त्याच्या आधी 4बी5बीसुद्धा लावलंय. 10 चे 12.5 मेगाबिट होतात, त्यावर मँचेस्टर.

मंदार_बाइट

दोन्ही?! घड्याळ तर मँचेस्टरने दिलंच, मग 4बी5बी कशाला?

शलाका_पी

घड्याळासाठी नाही. 5 बिटांचे 32 नमुने, त्यातले 16 डेटाला. उरलेल्यांतून सुरुवात, शेवट, "आता माझी पाळी" असल्या खुणा करता येतात. 10बेस-टीसारखं तार वर धरून फ्रेम संपवणं तिथे नको होतं. 25 टक्के त्यासाठी देणं योग्य होतं का, यावर आमच्या ऑफिसातही एकमत नाही.

सोल्डरगन

टाइमबेस वाढवून बघितलं. लिंक पल्स दिसले, 16 मिलिसेकंदांच्या आसपास. फ्रेमच्या शेपटीचा उंच भागही दिसला, तो मी आजवर रिंगिंग समजत होतो. आता `0xD5` चं 1 1 पकडायचंय, स्कोपला 80 नॅनोसेकंदांपेक्षा बारीक पल्सवर ट्रिगर लावून. `0x55` ने भरलेल्या पॅकेटात पहिला बारीक पल्स तोच असायला हवा ना?

निवृत्त_जेटीओ

फ्रेमच्या सुरुवातीपासून पहिला तोच. पण ट्रिगर त्याच्यावरच थांबेल असं नाही. त्याच्यामागून मॅक पत्ते, आयपी हेडर आणि शेवटी सीआरसी, सगळीकडे बारीक पल्स आहेत. होल्डऑफ फ्रेमपेक्षा मोठा ठेवा, 64 बाइटच्या फ्रेमला 60 मायक्रोसेकंद पुरतील.

गणपत_टीव्हीवाले

`if` काढला. मुकी बटणं बोलली, 64 च्या वरचे आकडे आले. पण आता समोरच्या एलईडी बल्बच्या उजेडातही मधूनच एखादं बटण दाबल्यासारखं होतंय. आधी तो 1 1 चा पहारा हे कचरा-कोड अडवत होता बहुतेक. यावर काय करायचं?